पहिल्या आठवड्यातली डोकेदुखी आणि भूक : इंटरमिटंट फास्टिंगआधीची तयारी

इंटरमिटंट फास्टिंग करायचं ठरलं की बहुतेक जण आधी जेवणाच्या वेळा ठरवतात. त्याच्याही आधी करायचं एक काम आहे. सध्या दिवसभरात चहा-कॉफी किती वाजता आणि किती कप होते, ते तीन दिवस कागदावर लिहून काढा. वेळ, कप, दूध-साखर आहे की नाही, एवढंच. पहिल्या आठवड्यात जी डोकेदुखी लोकांना उपवास सोडायला लावते, तिचं कारण बऱ्याचदा याच कागदावर सापडतं. सगळा दोष रिकाम्या पोटाला देऊन आपण मोकळे होतो, पण पोटाइतकाच, काहींच्या बाबतीत पोटाहून जास्त, वाटा चुकलेल्या कपाचा असतो.

एक उदाहरण घेऊ. एक माणूस सकाळी ७ वाजता, ११ वाजता आणि दुपारी ४ वाजता असे दूध-साखर घातलेल्या कॉफीचे तीन कप घेतो. ८ वाजता नाश्ता, १ वाजता जेवण, रात्री ९ वाजता जेवण. तो ठरवतो की उद्यापासून दुपारी १२ ते रात्री ८ एवढ्या वेळातच खायचं. कॉफीत दूध-साखर असल्यामुळे सकाळचे दोन्ही कप बंद होतात, कारण ते उपवासात बसत नाहीत. आता मोजून पाहा. आदल्या दिवशीचा शेवटचा कप ४ वाजता, म्हणजे सकाळी ११ पर्यंत कॅफीनशिवाय १९ तास झाले. एरवी हे अंतर १५ तासांवर, ७ च्या कपाने तुटायचं. शिवाय दिवसाचे तीन कप होते, ते आता १२ आणि ४ असे दोनच राहिले. साधारण ११ च्या सुमारास कपाळ आणि कानशिलं जड होऊ लागतात. त्याला वाटतं, भुकेने डोकं दुखतंय.

कॅफीन मेंदूतल्या अ‍ॅडेनोसिन नावाच्या द्रव्याची जागा अडवून बसतं. अ‍ॅडेनोसिनने मरगळ येते आणि मेंदूतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात. रोज कॅफीन मिळत गेलं की मेंदू अ‍ॅडेनोसिनसाठीच्या जागा वाढवून ठेवतो. मग एखाद्या दिवशी कॅफीन आलंच नाही, की त्या वाढलेल्या सगळ्या जागांवर अ‍ॅडेनोसिन एकदम काम करू लागतं आणि डोकं ठणकतं. हा त्रास शेवटच्या कपानंतर साधारण १२ ते २४ तासांत सुरू होतो, पहिल्या दोन दिवसांत सर्वांत जास्त असतो आणि २ ते ९ दिवसांत मावळतो. म्हणजे पहिल्या आठवड्यात त्रास होतो आणि मग शरीर रुळतं, या नेहमीच्या अनुभवाशी तो बरोबर जुळतो. रोजचं कॅफीन १०० मिलिग्रॅमच्या आसपास असलं, तरीही हा त्रास होऊ शकतो. कॉफीच्या एका मोठ्या कपात तेवढं असू शकतं. चहाच्या कपात ते कमी असतं, पण दोन-तीन कपांत तिथवर पोचता येतं.

म्हणून यादीतलं दुसरं काम : उपवास आणि कॅफीन कमी करणं ही दोन कामं एकाच आठवड्यात करू नका. सर्वांत सोपा मार्ग असा की सकाळचा कप त्याच वेळी ठेवायचा, फक्त त्यातलं दूध आणि साखर काढायची. कोऱ्या चहा-कॉफीत ऊर्जा नगण्य असते, त्यामुळे उपवास मोडत नाही. ही सवय उपवास सुरू होण्याआधीच, नाश्ता चालू असताना लावा. एकदम कोरी कॉफी जात नसेल, तर दर दोन-तीन दिवसांनी दूध-साखर थोडी थोडी कमी करा. रिकाम्या पोटी कोऱ्या कॉफीने जळजळ होत असेल, तर कॅफीनच हळूहळू उतरवावं लागेल. तेव्हा दर तीन दिवसांनी एक पाव हिस्सा कमी करत जा आणि उपवास त्यानंतर सुरू करा. दहा-बारा दिवस उशीर होईल, पण तो उशीर करण्याजोगा आहे.

तिसरं काम मिठाचं आणि पाण्याचं. काही तास खाल्लं नाही की रक्तातलं इन्सुलिन खाली येतं. इन्सुलिनच्या अनेक कामांपैकी एक म्हणजे मूत्रपिंडांना सोडियम धरून ठेवायला लावणं. ते कमी झालं की सोडियम लघवीतून जास्त जातं आणि त्याच्याबरोबर पाणीही जातं. दुसरीकडे यकृतात साठवलेली ग्लायकोजेन नावाची साखर वापरली जाते, आणि तिच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे ३ ग्रॅम पाणी बांधलेलं असतं, तेही सुटतं. पहिल्या काही दिवसांत वजनकाट्यावर जी घट दिसते ती बरीचशी या पाण्याची असते, चरबीची नव्हे. वर नाश्ताच गेल्यामुळे त्यातलं मीठ आणि पाणीही गेलेलं असतं. याने येणारी डोकेदुखी सहसा एकटी येत नाही. खुर्चीतून उठताना क्षणभर अंधारी येते, तोंड कोरडं पडतं, लघवी गडद होते.

इथे लोक भरपूर साधं पाणी पीत राहतात आणि तरीही बरं वाटत नाही, कारण गेलेलं सोडियम पाण्याने भरून येत नाही. रक्तदाब, मूत्रपिंड किंवा हृदयाचा विकार नसेल, तर सकाळच्या एका ग्लास पाण्यात चिमूटभर मीठ घालून प्या. पाव चमचाही लागत नाही. तेवढ्यात दीड ग्रॅमच्या आसपास मीठ होतं, आणि दिवसभराच्या मिठाची जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेली मर्यादा ५ ग्रॅमपेक्षा कमी आहे. म्हणून हे रोजचं औषध करू नका, सुरुवातीच्या आठवड्यापुरतं ठेवा. याच आठवड्यात पिष्टमय पदार्थही तोडायचा मोह होतो. तो टाळा. दोन्ही एकदम केलं की इन्सुलिन आणखी खाली जातं, मीठ-पाणी आणखी निघतं, आणि डोकं कशाने दुखतंय हे ओळखणंच अवघड होतं.

आता भूक. जठरातून स्रवणारं घ्रेलिन हे भुकेचं संप्रेरक १९९९ साली जपानमध्ये मासायासु कोजिमा आणि केन्जी कांगावा यांच्या गटाने शोधलं. त्याची सर्वांत उपयोगी गोष्ट ही की ते केवळ पोट रिकामं आहे म्हणून वाढत नाही, तर रोजच्या जेवणाची वेळ जवळ आली म्हणूनही वाढतं. दिवसभराहून जास्त काळ उपाशी ठेवलेल्या लोकांचं रक्त तपासलं, तेव्हा नेहमीच्या जेवणवेळांना घ्रेलिन चढलं आणि काहीही न खाता पुन्हा उतरलं. उपवासाचे तास वाढतील तशी भूकही सरळ चढत जाईल, ही भीती त्यामुळे गळून पडते. आपल्या उदाहरणातल्या माणसाला ८ वाजता जी कडकडून भूक लागते, ती आदल्या कित्येक महिन्यांच्या ८ वाजताच्या नाश्त्याची आहे. ती साधारण तास-दोन तासांत ओसरते. दहा वाजता त्याला आठपेक्षा कमी भूक असते, हे त्याने स्वतः एकदा पाहिलं की पुढचे दिवस बरेच हलके जातात.

जे संप्रेरक वेळेनुसार शिकलेलं आहे, त्याला नवी वेळही वेळेनेच शिकवावी लागते. त्यामुळे चौथं काम : नाश्ता एका दिवसात तोडण्याऐवजी दर दोन-तीन दिवसांनी अर्धा-पाऊण तास पुढे सरकवा. ८, मग पावणेनऊ, मग साडेनऊ, असं करत पंधरवड्यात १२ गाठता येतात. रात्रीचं जेवणही तसंच ९ वरून ८ वर आणा. यात सुट्टीच्या दिवशी पुन्हा ८ वाजता नाश्ता केला, तर सोमवारी सकाळी जुनी भूक हजर होते. ज्यांना महिना उलटला तरी भूक रुळली नाही असं वाटतं, त्यांच्या वेळा बहुधा अशा सैल असतात. दुसरं कारण म्हणजे अपुरी झोप; कमी झोपेच्या दुसऱ्या दिवशी भूक जास्त लागते. आणि तिसरं, जेवणाच्या दोन वेळांमध्ये पुरेसं खाल्लंच नाही. पहिले दोन आठवडे फक्त वेळ बदला, एकूण अन्न कमी करू नका. शेवटच्या जेवणात प्रथिनं आणि तंतुमय पदार्थ भरपूर ठेवा, म्हणजे सकाळची लाट बुटकी राहते.

एवढी तयारी करूनही डोकं दुखलं, तर उपाय एकेक करून पाहा, म्हणजे कारण कळेल. आधी मिठाचं पाणी घ्या आणि तासभर थांबा. फरक नसेल तर कोरी कॉफी किंवा चहा. तासाभरात डोकं मोकळं झालं, तर कॅफीनच होतं. दोन्हींनी काही झालं नाही आणि जेवल्यावरच उतरलं, तर ती खरी उपवासाची डोकेदुखी. डोकेदुखीच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात तिला स्वतंत्र जागा आहे : किमान ८ तास न खाल्ल्यावर येणारी, सगळ्या डोक्यात पसरलेली, न ठणकणारी, सौम्य ते मध्यम, आणि जेवल्यावर ओसरणारी. ती रक्तातली साखर पडल्यामुळेच येते असं दिसलेलं नाही. निरोगी माणसात यकृत इतक्या तासांत साखर सांभाळून घेतं. या चाचणीआधी वेदनाशामक गोळी घेऊ नका. एक तर काहींमध्ये कॅफीनच असतं, त्यामुळे निदान फसतं. दुसरं, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या रिकाम्या पोटी जठराला बाधतात.

हाताला कापरं, थंड घाम, गोंधळल्यासारखं होणं, हे मात्र सवय नसल्याचं लक्षण नव्हे. तसं झालं तर लगेच काहीतरी गोड घ्या आणि उपवास थांबवा. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी साखर उतरवणारी औषधं चालू असतील, लघवी वाढवणाऱ्या रक्तदाबाच्या गोळ्या असतील, गर्भारपण किंवा स्तनपान असेल, किंवा खाण्याच्या विकाराचा इतिहास असेल, तर वरची यादी सुरूच करू नका. आधी डॉक्टरांशी बोला, कारण तिथे औषधांचं प्रमाण आणि वेळच बदलावी लागू शकते. मायग्रेन असलेल्यांना जेवण चुकणं हे झटक्याचं नेहमीचं निमित्त असतं. त्यांनी १६ तासांकडे न जाता १२ वर थांबून तीन आठवडे पाहावं. इतरांचीही डोकेदुखी दोन आठवड्यांनंतर कॅफीन आणि मीठ जागेवर असूनही राहिली, तर उपवास १६ वरून १४ किंवा १२ तासांवर आणावा. आणि अचानक उठलेली, आयुष्यात कधी न अनुभवलेली तीव्र डोकेदुखी, किंवा तिच्यासोबत ताप, मान आखडणं, बोलण्यात वा हातापायात फरक असं काही असेल, तर त्याचा उपवासाशी संबंध जोडत न बसता ताबडतोब रुग्णालय गाठावं.