लिफ्टमधल्या कुत्र्यांबद्दल नोटीस काढताय? या चुका टाळा

लिफ्टचं दार उघडतं, आतला लॅब्रॅडोर उत्साहाने पुढे झेपावतो आणि बाहेर उभ्या आजी घाबरून भिंतीला टेकतात. रात्री सोसायटीचा ग्रुप पेटतो, आणि दुसऱ्या दिवशी बोर्डावर कागद लागतो: ‘आजपासून लिफ्टमध्ये कुत्रे आणण्यास सक्त मनाई. नियम मोडल्यास १००० रुपये दंड मेंटेनन्स बिलात लावण्यात येईल. – हुकुमावरून, सेक्रेटरी.’

ही नोटीस टिकत नाही. भारतीय पशु कल्याण मंडळाने फेब्रुवारी २०१५ मध्ये सोसायट्यांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांनुसार पाळीव कुत्र्यांवर किंवा त्यांच्या लिफ्ट वापरण्यावर बंदी घालता येत नाही, सभेत बहुमताने ठराव केला तरीही. लिफ्टसाठी वेगळे पैसे, दंड आणि तोंडाला जाळी बांधण्याची सक्ती, हेही त्यात बसत नाही. या सूचना म्हणजे कायदा नव्हे, हे खरं. पण प्रकरण वकिलाकडे गेलं की कुत्रेवाले पहिल्यांदा हाच कागद काढतात, आणि कमिटीला नोटीस मागे घ्यावी लागते. मग ज्या आजींसाठी हे सगळं केलं, त्यांच्या हाती काहीच उरत नाही.

दोन लिफ्ट असतील तर एक कुत्र्यांसाठी ठरवून देता येते. मात्र ती चालू हवी आणि सोयीची हवी. मागच्या बाजूची, महिन्यातून दहा दिवस बंद असणारी सामानाची लिफ्ट दाखवून ‘व्यवस्था केली आहे’ म्हणणं ही नेहमीची चूक. ती लिफ्ट बंद पडली तर काय करायचं, हे त्याच नोटिशीत लिहा. नाहीतर अकराव्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या, सांधे धरलेल्या कुत्र्याला जिन्याने उतरवायचं की काय, यावर वॉचमनशी वाद होणार. बिचाऱ्या वॉचमनला त्यातलं काय माहीत?

सगळ्यात मोठी उणीव मात्र वेगळीच असते. ‘कुत्रेमालकांनी काळजी घ्यावी’ एवढंच लिहिलेलं असतं. थांबायचं कुणी, हे लिहिलेलंच नसतं. भीती वाटणाऱ्याला प्रत्येक वेळी ‘मला भीती वाटते हो’ असं बोलून दाखवावं लागतं, आणि समोरून ठरलेलं उत्तर येतं, ‘काही करत नाही तो!’ कुत्रा काही करत नसेलही, पण त्याने भीती जात नाही. म्हणून थांबण्याची जबाबदारी कुत्रेमालकाकडे द्या, आणि ती स्पष्ट शब्दांत द्या. दोन लिफ्टच्या इमारतीसाठी मजकूर साधारण असा लिहिता येईल:

‘लिफ्टमध्ये आधीच कुणी असेल तर कुत्रेमालकाने विचारावं, समोरची व्यक्ती नको म्हणाली तर पुढच्या फेरीला जावं. कुत्रा आधीच आत असेल तर बाहेरच्याने हवं तर थांबावं. मालकाला उतरायला लावू नये. दार उघडण्यापूर्वी कुत्रा मागच्या कोपऱ्यात घ्यावा आणि मालकाने कुत्रा व दार यांच्यामध्ये उभं राहावं. लिफ्ट, लॉबी, जिना आणि पार्किंगमध्ये पट्टा हातात, आखूड धरलेला असावा. कुत्रा शांत आहे म्हणून सूट नाही.’

आखूड पट्ट्यामागे आणखी एक कारण आहे. लांब होत जाणारा पट्टा असला की मालक आत आणि कुत्रा बाहेर, अशा वेळी दार बंद होऊ शकतं. पातळ दोरी दाराच्या सेन्सरला दिसेलच असं नाही, आणि लिफ्ट सुटली तर कुत्र्याच्या गळ्याला फास बसतो. हे वाक्य नोटिशीत घाला; नियमाला नाक मुरडणारे कुत्रेवालेही ते ऐकतात.

लिफ्टच्या एकाच कोपऱ्यात पुन्हा पुन्हा लघवी होत असेल, तर दंडाची भाषा करण्याआधी पुसायला काय वापरतात ते बघा. अमोनियाच्या वासाचं क्लीनर कुत्र्याला लघवीसारखंच वाटतं आणि तो तिथेच परत येतो. पाळीव प्राण्यांच्या डागांसाठी मिळणारं एन्झाइमचं क्लीनर वापरा. तळमजल्यावर कागद आणि बाटली ठेवा आणि साफ करण्याची विनंती करा.

रस्त्यावरच्या कुत्र्यांना खाऊ घालण्याचा वाद याच नोटिशीत कोंबू नका. त्याचे नियम वेगळे आहेत, आणि दोन्ही भांडणं एकत्र आली की एकही सुटत नाही.

नोटीस लागल्यावरही एखादा कुत्रा अंगावर जातच असेल, तर ‘सगळे कुत्रे’ अशी तक्रार घेऊ नका. तारीख, वेळ, कोणती लिफ्ट, काय घडलं, एवढं लेखी घ्या आणि सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग पुसलं जाण्याआधी काढून ठेवा. मग त्या एकाच मालकाला पत्र द्या. महापालिकेचा परवाना आणि रेबीजच्या लसीचा कागदही तेव्हाच मागा. प्राण्याच्या बाबतीतल्या हलगर्जीपणाने माणसाच्या जिवाला किंवा गंभीर इजेचा धोका होत असेल, तर भारतीय न्याय संहितेचं कलम २९१ आहे: सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तो दंड कोर्ट लावतं, कमिटी नाही.