कॉफी बीन्स फ्रीजमध्ये ठेवताय? पावसाळ्यात तरी या चुका टाळा

गेल्या जुलैमध्ये घोडबंदर रोडच्या आमच्या घरात मी २५० ग्रॅम ताजे बीन्स स्टीलच्या डब्यात घालून फ्रीजमध्ये ठेवले. आई रवा, बेसन, मसाले पावसाळ्यात फ्रीजमध्येच ठेवते, म्हटलं कॉफी पण राहील. रोज सकाळी डबा काढायचा, दोन कपांचे बीन्स घ्यायचे, परत आत. दहाव्या दिवशी ग्राइंडरमध्ये पूड चिकटायला लागली आणि कपातून चक्क लसणाच्या चटणीचा वास आला, कारण तिची वाटी शेजारीच होती. एक बीन चावून बघितला तर कडकन फुटायच्या ऐवजी चामट लागला, म्हणजे सादळलेला पापड लागतो ना, तसा.

चूक डब्याच्या झाकणाची नव्हती. थंड पाण्याचा ग्लास ओट्यावर ठेवला की दोन मिनिटात बाहेरून घाम फुटतो ना, तेच फ्रीजमधल्या बीन्सचं होतं. पावसाळ्यात आपल्याकडे हवा एवढी दमट असते की साधारण २५ डिग्रीपेक्षा थंड असलेल्या कुठल्याही वस्तूवर पाणी धरतं, आणि फ्रीजमधले बीन्स असतात ४-५ डिग्रीला. झाकण उघडलं की ही दमट हवा आत जाते, गार बीन्सवर ओल बसते, मग आपण झाकण लावून ती ओल आतच कोंडतो, आणि हे रोज. भाजलेला बीन कोरडा आणि सच्छिद्र असतो, पाणीही ओढतो आणि वासही. त्यामुळे रोजच्या वापरातले बीन्स फ्रीजमध्ये नकोच, कितीही चांगला डबा असू दे.

मग फ्रीझर? फ्रीझर वाईट असं सरसकट सांगतात ते मला पटत नाही. फ्रीझरमध्ये बीन्स शिळे व्हायचा वेग खूप कमी होतो, फक्त पाकीट एकदा बाहेर काढलं की परत आत जायचं नाही, सगळी मेख इथेच आहे. आमचंच उदाहरण सांगते. ऑफर होती म्हणून चिकमगळूरचे १ किलो घेतले, आणि आम्हाला दोघांना दिवसाला ३० ग्रॅम लागतात म्हणजे सगळे संपायला महिन्याच्या वर जाणार. म्हणून पहिल्याच दिवशी चार भाग केले, २५० ग्रॅम बाहेर आणि बाकीचे तीन जाड झिप पाऊचमध्ये, हवा हाताने दाबून काढली, वर अजून एक पाऊच घातला आणि भाजल्याची तारीख लिहिली. कोळंबीच्या पिशवीपासून लांब ठेवले हे वेगळं सांगायला नको. एक भाग आठ दिवस पुरतो. तो संपत आला की रात्री पुढचा पाऊच काढून ओट्यावर तसाच बंद ठेवायचा, सकाळपर्यंत घरातल्या तापमानाला येतो, बाहेरून ओल दिसली तर पुसून घ्यायचा आणि मगच उघडायचा. गार असताना उघडलात तर फ्रीजचीच गोष्ट परत. असे ठेवलेले बीन्स दोन-तीन महिने आरामात चांगले राहतात.

बाहेरच्या २५० ग्रॅमसाठी महागडा डबा लागतोच असं नाही. बीन्स ज्या पाकिटात येतात त्याला व्हॉल्व असेल आणि झिप नीट बसत असेल तर तेच वापरा. ताज्या भाजलेल्या बीन्समधून बरेच दिवस कार्बन डायऑक्साइड निघत असतो, व्हॉल्व तो बाहेर सोडतो आणि बाहेरची हवा आत घेत नाही. प्रत्येक वेळी पाकीट खालून वर दाबत हवा काढा, तोंड बीन्सपर्यंत गुंडाळा आणि क्लिप लावा. डबाच हवा असेल तर रबरी रिंगवाला, लहान आणि अपारदर्शक घ्या. मोठ्या बरणीत तळाला मूठभर बीन्स राहिले तर वरची सगळी जागा हवेची, मग एअरटाइटचा उपयोग काय? आणि काचेची बरणी खिडकीत किंवा गॅसशेजारी तर नकोच, उजेड आणि उष्णता दोन्ही मारक. ग्राइंडरच्या वरच्या भांड्यातही आठवड्याचे बीन्स भरून ठेवू नका, लागतील तेवढेच घाला.

किती दिवस? बंद व्हॉल्व पाकिटात भाजल्यापासून महिना-दीड महिना छान जातो. उघडल्यावर दोन-तीन आठवडे, पण जुलै-ऑगस्टमध्ये मी दोनच धरते. दळलेली पूड काही दिवसांतच उतरते, आणि चिकोरी मिसळलेली फिल्टर कॉफीची पूड तर ओल लागली की ढेकूळच होते.

बीन्स गेलेत का हे ओळखायला दळलेल्या कॉफीवर थोडं गरम पाणी ओता. ताजी असेल तर फुगून बुडबुडे येतात, शिळी नुसती भिजून बसते. खोबरं खवट होतं तसा वास आला तर बीन्सवरचं तेल खराब झालंय, अशी कॉफी सहसा बाधत नाही पण चवीला काही उरलेलं नसतं. बुरशी दिसली किंवा कुबट वास आला तर मात्र सगळं टाकून द्या, आणि डबा धुऊन उन्हात नीट वाळेपर्यंत त्यात नवे बीन्स घालू नका.