या चुका टाळा: बायोस्टॅटिस्टिक्स आणि एपिडेमिऑलॉजीची सहा आठवड्यांची उजळणी

एमपीएच किंवा जनआरोग्याच्या पदवीच्या शेवटच्या वर्षात बहुतेकजण सहा आठवड्यांची वाटणी अशी करतात: आधीचे तीन आठवडे एपिडेमिऑलॉजी, नंतरचे तीन बायोस्टॅटिस्टिक्स. पहिली चूक इथेच होते. कोणतं सूत्र लावायचं हे गणितातल्या संशोधनाच्या आराखड्यावर ठरतं. आराखडे पहिल्या आठवड्यात वाचून बाजूला ठेवले आणि सूत्रं पाचव्या आठवड्यात पाठ केली, तर दोन्ही येतात पण गणित चुकतं.

त्याऐवजी पहिल्या आठवड्यात जुन्या प्रश्नपत्रिका काढा आणि प्रत्येक गणिताशेजारी फक्त आराखड्याचं नाव लिहा. गणित सोडवू नका. संशोधकाने माणसं आजारावरून निवडली असतील तर केस-कंट्रोल, संपर्कावरून निवडून पुढे आजाराची वाट पाहिली असेल तर कोहोर्ट. डॉल आणि हिल यांची कामं यासाठी लक्षात ठेवावीत. १९५० साली छापलेल्या अभ्यासात त्यांनी फुप्फुसाच्या कर्करोगाचे रुग्ण आणि इतर रुग्ण घेऊन मागची धूम्रपानाची सवय विचारली. १९५१ मध्ये मात्र ब्रिटिश डॉक्टरांची सवय आधी नोंदवली आणि मग मृत्यूंची नोंद ठेवली. प्रश्न एकच, दिशा उलट.

दुसरा आठवडा पूर्णपणे २×२ तक्त्याला द्या, कारण सर्वांत जास्त गुण इथेच जातात. समजा १०० रुग्णांपैकी ६० जण धूम्रपान करणारे आहेत आणि १०० कंट्रोलपैकी ४०. तक्त्यात a=६०, b=४०, c=४०, d=६०. ऑड्स रेशो ad/bc, म्हणजे ३६००/१६०० = २.२५. विद्यार्थी सवयीने आडव्या ओळींची बेरीज घेऊन (६०/१००) ÷ (४०/१००) = १.५ असा रिलेटिव्ह रिस्क काढतात. तो का चालत नाही, हे कंट्रोल वाढवले की कळतं. ४०० कंट्रोल घेतले आणि त्यातही ४० टक्केच धूम्रपान करणारे निघाले, तर b=१६०, d=२४०. ऑड्स रेशो २.२५ च राहतो, पण तो ‘रिलेटिव्ह रिस्क’ (६०/२२०) ÷ (४०/२८०) म्हणजे सुमारे १.९१ होतो. आजार तोच, सवय तीच. बदलली फक्त संशोधकाने ठरवलेली कंट्रोलची संख्या. जे उत्तर तिच्यावर हलतं, ते धोका मोजत नाही. हे एकदा स्वतःच्या हाताने करून पाहिलं की पाठांतर लागत नाही.

तिसऱ्या आठवड्यात स्क्रीनिंग चाचण्या. सेन्सिटिव्हिटीचा छेद ‘खरोखर आजारी’, पॉझिटिव्ह प्रेडिक्टिव्ह व्हॅल्यूचा छेद ‘चाचणीत पॉझिटिव्ह’. गोंधळ बहुधा छेदातच होतो. १००० जणांत १० टक्के आजारी, सेन्सिटिव्हिटी आणि स्पेसिफिसिटी दोन्ही ९० टक्के असतील, तर ९० खरे आणि ९० खोटे पॉझिटिव्ह येतात. प्रेडिक्टिव्ह व्हॅल्यू ५० टक्के. आजाराचं प्रमाण १ टक्क्यावर आणा: ९ खरे, ९९ खोटे, आणि तीच चाचणी ८.३ टक्क्यांवर येते. ‘कारण लिहा’ असा प्रश्न आला तर हीच दोन गणितं मांडा.

चौथा आठवडा सार्थकतेच्या चाचण्यांचा. काय-स्क्वेअरमध्ये टक्केवारी भरणं ही इथली नेहमीची चूक. वरच्या ४०० कंट्रोलच्या तक्त्यात प्रत्यक्ष संख्या भरल्या तर किंमत सुमारे १३ येते. टक्केवारी भरली तर ८. दोन्ही ३.८४ च्या वर असल्याने निष्कर्ष योगायोगाने बरोबर येतो आणि म्हणून चूक लक्षातच येत नाही. तपासायची खूण सोपी आहे: तक्त्याची एकूण बेरीज प्रश्नातल्या माणसांच्या संख्येइतकी, इथे ५००, हवी. एखाद्या चौकोनाची अपेक्षित संख्या ५ पेक्षा कमी असेल तर फिशरची चाचणी. आणि p ०.०५ पेक्षा कमी आला की ‘धूम्रपानामुळे आजार होतो हे सिद्ध झालं’ असं लिहू नका. गुंतागुंत करणारे घटक आणि बायस अजून बाकी असतात.

म्हणूनच पाचव्या आठवड्यात बायस, कन्फाउंडिंग आणि साथीच्या तपासणीच्या पायऱ्या घ्या. हे दीर्घोत्तरांचे विषय, ते लिहूनच तयार होतात.

सहाव्या आठवड्यात नवं काही उघडू नका. एक दिवसाआड पूर्ण पेपर, घड्याळ लावून, आणि परीक्षेत चालणाराच कॅल्क्युलेटर घेऊन. मधल्या दिवशी चुकांची वही: प्रत्येक चुकीपुढे ‘आराखडा’, ‘छेद’ किंवा ‘आकडेमोड’ यांपैकी एक शब्द लिहा. ‘आराखडा’ जास्त वेळा आला तर पहिल्या आठवड्याचं काम परत करा, जास्तीची गणितं सोडवून फरक पडणार नाही. ‘आकडेमोड’ जास्त असेल तर तक्ता मोठा काढा आणि उभ्या-आडव्या बेरजा लिहिल्याशिवाय सूत्राला हात लावू नका.