ॲप ‘ऑन टाइम’ म्हणतंय, पण विमान कुठंय? लोहगावला निघायच्या आधी बघा

तुम्ही ज्या विमानात बसणार ते बहुतेक वेळा पुण्यात उभं नसतंच, ते दुसऱ्या शहरातून पॅसेंजर घेऊन येतं, त्यांना उतरवतं आणि मग तुम्हाला घेऊन जातं. त्यामुळे डिले आधी त्या येणाऱ्या विमानात दिसतो, एअरलाइनच्या ॲपवर नंतर.

निघायच्या तीन-चार तास आधी फ्लाइटरडार24 हे विमानं लाइव्ह दाखवणारं ॲप उघडा, आपला फ्लाइट नंबर टाका आणि आजच्या तारखेसमोर विमानाचा रजिस्ट्रेशन नंबर दिसतोय का बघा, भारतातल्या विमानांचा तो VT- ने सुरू होतो, म्हणजे गाडीची नंबरप्लेटच समजा. कधीकधी तो उशिरा येतो, मग थोड्या वेळाने परत बघायचं. त्या नंबरवर टॅप केलं की ते विमान आज दिवसभर कुठे कुठे फिरलं ते सगळं समोर येतं. फ्लाइटअवेअर या तशाच दुसऱ्या साइटवर Where is my plane now? वर क्लिक केलं तरी येणारी फ्लाइट कळते. वेळा UTC मध्ये दिसल्या तर साडेपाच तास मिळवा, इथे भलेभले गंडतात.

आता हिशोब. समजा तुमची फ्लाइट पुण्याहून 19:40 ची आहे आणि विमान श्रीनगरहून दिल्ली, दिल्लीहून पुणे असं येणारे. दिल्लीहून ते 16:45 ला निघायला हवं, पण 17:10 ला ते दिल्लीत उतरतंच आहे. गेटला लागेपर्यंत 17:20, लोक उतरणं-चढणं, सामान, इंधन यात साधारण 40 मिनिटं, म्हणजे 18:00 च्या आत काही हलत नाही. गेट ते गेट दोन तास धरले तर पुण्यात 20:00, परत 40 मिनिटं, म्हणजे तुम्ही 20:40 ला निघाल. तासभर लेट, आणि ॲप अजून ‘ऑन टाइम’च! हा सुद्धा लवकरात लवकरचा आकडा, कारण संध्याकाळी दिल्लीत टेकऑफसाठी लाइन लागली की अजून वाढतो.

हा अंदाज चुकतो तो मुख्यतः विमान बदललं की. एअरलाइन दुसरं विमान लावते आणि फ्लाइट वेळेवर सुटते, म्हणून रजिस्ट्रेशन दर अर्ध्या तासाने परत चेक करा, नंबर बदलला असेल तर हिशोब पहिल्यापासून. पहाटेच्या पहिल्या फ्लाइटला तर ही युक्ती फारशी चालत नाही, विमान बऱ्याचदा रात्रीच येऊन उभं असतं आणि उशीर झालाच तर धुकं नाहीतर क्रू. येणारं विमान पुण्याजवळ येऊन नकाशावर गोल गोल फिरताना दिसलं तर त्याला उतरायला थांबवलंय, लोहगावची धावपट्टी हवाई दलाची असल्यामुळे त्यांचंही उड्डाण असतं हे लक्षात ठेवा.

आणि एक, लेट दिसलं म्हणून कोथरूडहून आरामात निघू नका. तुमचा अंदाज एअरलाइनला लागू नाही, नवीन वेळ अधिकृतपणे येईपर्यंत काउंटर मूळ वेळेच्या हिशोबानेच बंद होतो. फायदा एवढाच की पुढची कनेक्टिंग फ्लाइट हुकणार असेल तर बाकी लोक लाइनीत लागायच्या आत कस्टमर केअरला फोन करता येतो, आणि पलीकडे घ्यायला येणाऱ्यांना उशिरा निघा म्हणून सांगता येतं.