व्हॅलिडेशन लॉस चढतोय? मॉडेल बदलण्याआधी चुकलेले फोटो उघडून बघा

ट्रेनिंग लॉसची रेघ खाली चालली आहे, व्हॅलिडेशन लॉसची रेघ मात्र काही एपॉकनंतर वळून वर निघाली आहे. हा आलेख दिसला की बहुतेक जण 'ओव्हरफिटिंग' म्हणतात, तळाच्या एपॉकचं मॉडेल उचलतात आणि पुढे जातात. पुष्कळदा ते बरोबरही असतं. पण हुबेहूब हाच आलेख आणखी एका कारणाने तयार होतो: बाकी सगळं सुधारत असताना मूठभर नमुन्यांवर मॉडेल अधिकाधिक ठामपणे 'चुकत' जातं. लॉस ही सरासरी आहे, त्यामुळे नुसत्या रेघेकडे पाहून यातलं काय घडतंय ते ओळखता येत नाही. सरासरी फोडावी लागते.

उदाहरण सोलापुरातलं घेऊ. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टेरी टॉवेल विणणारा एक यंत्रमाग कारखाना आहे असं समजा. चेकिंगच्या टेबलावर कॅमेरा लावलाय आणि फोटोवरून मॉडेलने चारपैकी एक वर्ग सांगायचा आहे: निर्दोष, उभा धागा तुटलेला, आडवा धागा सुटलेला, तेलाचा डाग. ट्रेनिंगला २००० फोटो, व्हॅलिडेशनला ४००. आकडे समजण्यापुरते घेतलेले आहेत, पण हिशेब खरा आहे.

| | ६वा एपॉक | २०वा एपॉक |
|---|---|---|
| ट्रेनिंग लॉस | ०.३१ | ०.०४ |
| व्हॅलिडेशन लॉस | ०.४२ | ०.६१ |
| बरोबर फोटो | ३४४ | ३५४ |
| चुकलेले फोटो | ५६ | ४६ |

लॉस जवळजवळ दीडपट झाला, पण चुका दहाने कमी झाल्या. 'अचूकता ८६ वरून ८८.५ टक्के झाली' असं लगेच जाहीर करू नका. ४०० फोटोंवर दीड-दोन टक्क्यांची हालचाल नुसत्या योगायोगानेही होते. एवढंच म्हणता येईल की अचूकता घसरलेली दिसत नाही. मग लॉस कशाने वाढला?

आधी दोन्ही रेघा एकाच मापाने मोजा

ट्रेनिंग लॉस बहुतेक वेळा एपॉक चालू असतानाच जमा होतो. म्हणजे त्यात एपॉकच्या सुरुवातीच्या कच्च्या मॉडेलचा वाटा असतो, ड्रॉपआउट चालू असतो, फोटो फिरवलेले-कापलेले असतात. व्हॅलिडेशन लॉस एपॉक संपल्यावर, ड्रॉपआउट बंद ठेवून मोजला जातो. ट्रेनिंगला लेबल स्मूदिंग किंवा वर्गांना वेगवेगळं वजन दिलं असेल आणि व्हॅलिडेशनला नसेल, तर दोन रेघांमधल्या अंतराला काहीच अर्थ उरत नाही. म्हणून ६व्या आणि २०व्या एपॉकची साठवलेली मॉडेलं घ्या आणि दोन्ही संचांवर, फोटोंमध्ये फेरफार न करता, साध्या क्रॉस-एन्ट्रॉपीने पुन्हा मोजा. एवढ्यानेच चढण नाहीशी झाली तर दोष मोजणीत होता, पुढचं काही करायची गरज नाही.

मग प्रत्येक फोटोचा लॉस वेगळा काढा

पायटॉर्चमध्ये सरासरी बंद केली की काम होतं:

```python
model.eval()
rows = []
with torch.no_grad():
    for x, y, name in val_loader:
        z = model(x)
        l = F.cross_entropy(z, y, reduction="none")
        p = z.argmax(1)
        rows += zip(name, l.tolist(), y.tolist(), p.tolist())
rows.sort(key=lambda r: -r[1])
```

हे दोन्ही मॉडेलांसाठी चालवा आणि बरोबर आलेल्या व चुकलेल्या फोटोंची बेरीज वेगवेगळी करा. आपल्या उदाहरणात ६व्या एपॉकला बरोबर फोटोंचा सरासरी लॉस ०.२० होता, चुकलेल्यांचा १.७७. २०व्या एपॉकला बरोबर फोटोंचा ०.०४ वर आला आणि चुकलेल्यांचा ५.० वर गेला. ताळा करून बघा: ३५४ गुणिले ०.०४ म्हणजे सुमारे १४, आणि ४६ गुणिले ५ म्हणजे २३०. एकूण २४४, भागिले ४००, आले ०.६१. म्हणजे ४०० पैकी ४६ फोटोंनी नव्वद टक्क्यांहून जास्त लॉस एकट्याने उचललाय.

याचं कारण क्रॉस-एन्ट्रॉपीतल्या लॉगरिदममध्ये आहे. लॉस १.७७ म्हणजे मॉडेलने त्या फोटोच्या लेबलला साधारण १७ टक्के शक्यता दिली होती. लॉस ५ म्हणजे जेमतेम ०.७ टक्के. उत्तर दोन्ही वेळा चूकच, पण दुसऱ्या वेळी मॉडेल हट्टाने चुकतंय. अचूकतेच्या हिशेबात दोन्ही चुका सारख्या. लॉसच्या हिशेबात दुसरी जवळपास तिप्पट महाग.

इथे वाट दुभंगते. चुकलेल्या फोटोंची संख्या वाढत असेल आणि बरोबर फोटोंचाही लॉस सगळीकडे थोडाथोडा चढत असेल, तर तुमचं पहिलं वाचन बरोबर होतं. ते नेहमीचं ओव्हरफिटिंग आहे. तळाचं मॉडेल घ्या, वेगवेगळ्या मागांवरचे आणि वेगवेगळ्या उजेडातले आणखी फोटो जमवा. पण आपल्या उदाहरणासारखं वजन थोड्या फोटोंवर साचलं असेल, तर ते फोटो डोळ्यांनी बघितल्याशिवाय निष्कर्ष काढू नका.

ते ४६ फोटो उघडा, पूर्ण आकारात

यादीतला सगळ्यात वरचा फोटो: पांढरा टॉवेल, लेबल 'निर्दोष', मॉडेल म्हणतंय 'तेलाचा डाग'. छोट्या चौकटीत टॉवेल स्वच्छ दिसतो. मोठा केला की डाव्या काठाला लागून बोटभर फिकट पिवळा पट्टा दिसतो, मागाच्या तेलाचा. लेबल लावणाऱ्याने एका पानावर चाळीस छोटे फोटो बघत लेबलं लावली असतील, तर तो पट्टा त्याला दिसणारच नाही. उलट प्रकारही सापडतो: घडीची सावली पडली आणि लेबल लागलं 'डाग'. इथे चूक लेबलाची आहे. मॉडेल जितकं चांगलं शिकेल तितका या फोटोंवरचा लॉस वाढणार.

लेबलं दुरुस्त करताना मात्र एक चूक हमखास होते. फक्त मॉडेलशी न पटलेले फोटो तपासले, तर सगळ्या दुरुस्त्या मॉडेलच्याच बाजूने जातात आणि आकडे फुकटात सुंदर होतात. म्हणून ४६ चुकलेल्या फोटोंत तेवढेच, म्हणजे ४६, बरोबर आलेले फोटो चिठ्ठ्या टाकून मिसळा. जुनं लेबल आणि मॉडेलचं उत्तर दोन्ही झाका. मग चेकिंगला रोज बसणाऱ्या दोन जाणकारांना ते स्वतंत्रपणे ओळखायला सांगा. दोघांचं जुळत नसेल तो फोटो 'संदिग्ध' म्हणून बाजूला ठेवा. ओढूनताणून एकमत करू नका.

समजा ४६ चुकलेल्यांपैकी १९ फोटोंचं लेबल चुकीचं निघालं. ते सुधारून दोन्ही मॉडेलं पुन्हा मोजली तेव्हा ६व्या एपॉकचा लॉस ०.३४ आला आणि २०व्याचा ०.३०. चढण गेली, रेघ उलट किंचित उतरती झाली. पण थांबा. बरोबर समजलेल्या ४६ फोटोंतही एकाचं लेबल चुकीचं निघालं. त्या प्रमाणात ३५४ मध्ये असे सुमारे आठ असतील, जिथे मॉडेल आणि चुकीचं लेबल दोघं मिळून चुकलेत. ते आठ फोटो प्रत्येकी ५ च्या लॉसने मोजले तर सरासरीत ०.१० ची भर पडते आणि ०.३० चे ०.४० होतात. ६व्या एपॉकचं मॉडेल एवढं ठाम नसल्याने त्याचा लॉस त्यामानाने कमी वाढेल. म्हणून प्रामाणिक वाचन असं: सुरुवातीला दिसलेल्या चढणीचा मोठा भाग चुकीच्या लेबलांचा होता; उरलेली रेघ साधारण सपाट आहे, उतरतेय असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. हे एका नमुन्यावरून आलेलं प्रमाण आहे, तेव्हा शक्य असेल तर सगळेच ४०० फोटो पुन्हा बघून घ्यावेत. तेवढे फोटो काही फार नाहीत.

ट्रेनिंगमधली चुकीची लेबलं कुठे लपतात

व्हॅलिडेशनला वीसेक लेबलं चुकली असतील आणि ट्रेनिंगची लेबलं त्याच हातांनी लावली असतील, तर तिथे शंभराच्या आसपास चुकीची असणार. ती शोधायला २०व्या एपॉकचं मॉडेल वापरू नका. त्याचा ट्रेनिंग लॉस ०.०४ आहे, म्हणजे चुकीची लेबलंही त्याने घोकून टाकलीत आणि आता ती यादीत खाली बुडालीत. न्यूरल नेटवर्क सहसा आधी सर्वसाधारण ठेवण शिकतं आणि अपवाद नंतर पाठ करतं. त्यामुळे ट्रेनिंगच्या फोटोंवर वरचाच कोड ६व्या एपॉकच्या मॉडेलने चालवा आणि सर्वाधिक लॉसचे दोनशे फोटो तपासा. चुकीची लेबलं तिथे वर तरंगताना दिसतील. ती सुधारून मॉडेल नव्याने शिकवलं की उशिराच्या एपॉकमधली चढण कितपत राहते ते बघा, आणि हे निदान तीन वेगवेगळ्या सीडवर करा.

हट्टीपणा उरलाच तर

लेबलं दुरुस्त केल्यावरही आपल्या उदाहरणात २७ खऱ्या चुका उरतात आणि त्यांचा सरासरी लॉस चारच्या आसपास आहे. मॉडेलचा फाजील आत्मविश्वास खरा आहे. तो त्रासदायक आहे की नाही, ते उत्तराचं पुढे काय करायचं यावर ठरतं. मॉडेल संशयित टॉवेल फक्त बाजूला काढणार आणि माणूस तो हाताने बघणार असेल, तर किती सदोष टॉवेल निसटले ते मोजा. लॉसची फार काळजी नको. पण 'निर्दोष असण्याची शक्यता ९५ टक्क्यांच्या वर असेल तर थेट पॅकिंगला' असा नियम लावला असेल, तर शक्यतेचा आकडा भरवशाचा हवा.

त्यासाठी टेम्परेचर स्केलिंग हा स्वस्त उपाय आहे. सॉफ्टमॅक्सच्या आधीचे आकडे एकाच संख्येने भागायचे: `z / T`. समजण्यापुरते दोनच वर्ग धरले आणि त्यांच्या आकड्यांत ५ चा फरक असला तर मॉडेल ९९.३ टक्के म्हणतं. `T = 2` घेतल्यावर तेच ९२.४ होतं. सगळेच आकडे सारखे भागले जात असल्याने कोणता वर्ग वर येतो ते बदलत नाही, अचूकता होती तिथेच राहते. `T` दुरुस्त केलेल्या व्हॅलिडेशन संचाच्या अर्ध्या भागावर ठरवा आणि उरलेल्या अर्ध्यावर लॉस मोजा. वाटणी फोटोंची न करता मागांची करा, कारण एकाच मागावरचे लागोपाठचे टॉवेल एकमेकांसारखेच असतात. अर्धे इकडे, अर्धे तिकडे गेले तर मोजलेला लॉस खऱ्यापेक्षा कमी दिसेल.