दारव्ह्याचा एक रूट आणि दिग्रसचे हरवलेले पॅकेट

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी माझ्याकडे एका पतसंस्थेचं नेटवर्क आलं. मुख्य कार्यालय यवतमाळला, तिथेच सर्व्हर. तिथून एक लाइन दारव्ह्याला जायची आणि दुसरी, जरा अरुंद, पुसदला. दारव्ह्याच्या राउटरवर चार शाखांचे सबनेट येत: खुद्द दारव्हा 10.20.8.0/24, बोरी अरब 10.20.9.0/24, दिग्रस 10.20.10.0/24 आणि मानोरा 10.20.11.0/24. दिग्रसला मात्र दोन पाय होते. मुख्य फायबर दारव्ह्याकडे आणि बॅकअपचा रेडिओ पुसदकडे. ही गोष्ट त्या दुसऱ्या पायाची आहे.

हे चार पत्ते एकात कसे मावतात ते आधी बघा. तिसरा आकडा बायनरीत मांडला की लगेच दिसतं.

```
 8 = 000010 00
 9 = 000010 01
10 = 000010 10
11 = 000010 11
```

पहिले सहा बिट चौघांचे सारखे आहेत. त्यांच्याआधीचे 10.20 चे सोळा धरले की बावीस होतात आणि तिरप्या रेघेनंतरचा आकडा हे सारखे बिटच मोजतो, म्हणून चौघांना मिळून एकच 10.20.8.0/22 जाहीर करता येतो. नवीन मुलं इथे एक चूक हमखास करतात. चार सबनेट लागून आहेत एवढ्यावर ती /22 लिहून मोकळी होतात. पण 9 ते 12 हेही लागूनच आहेत आणि ते एका /22 मध्ये बसत नाहीत, कारण सुरुवात चारच्या पटीत हवी. त्यांना एकत्र झाकायचं तर 8 ते 15 चा /21 घ्यावा लागतो आणि त्यात आपल्याकडे नसलेले पत्तेही आपल्या नावावर येतात.

राउटरांनी एकमेकांना रस्ते कळवायला आमच्याकडे ओएसपीएफ हा प्रोटोकॉल होता. यवतमाळच्या बाजूचा भाग एरिया 0, शाखांचा भाग एरिया 1, आणि दारव्हा व पुसद हे दोन्ही राउटर या दोन एरियांच्या वेशीवर. दोन्हीकडे मी हीच ओळ टाकली:

```
router ospf 1
 area 1 range 10.20.8.0 255.255.252.0
```

फायदा खरोखर दिसला. पावसाळ्यात मानोऱ्याची लाइन दिवसातून दहादा पडायची, उठायची. पूर्वी प्रत्येक वेळी त्याची वर्दी यवतमाळपर्यंत जायची. आता दारव्ह्याचा राउटर ती स्वतःपाशीच ठेवायचा. चारपैकी एक जरी सबनेट जिवंत असेल तरी /22 जाहीर होतच राहतो. अनेक रूटऐवजी असा एकच रूट सांगणं म्हणजे समरी; ती याचसाठी करतात, आणि खड्डाही याच गुणातून तयार होतो.

तो खड्डा मला दिवाळीनंतर सापडला. कापसाचे चुकारे खात्यात जमा होत होते, शाखांत रांगा होत्या. दारव्हा रस्त्यावर खोदकामात जेसीबीने दिग्रसचं फायबर तोडलं. मी निर्धास्त होते, कारण रेडिओ होता. तेवढ्यात दिग्रसच्या कॅशियरचा फोन आला, "ताई, राउटर न् रेडिओ दोन्हीचे लाइट हिरवे हायेत, पण स्क्रीन काही उघडून नाही राहिली. बाहेर चाळीस लोक उभे हायेत."

यवतमाळहून दिग्रसला पिंग लागेना. पुसदच्या राउटरवर जाऊन लावला तर लागला. म्हणजे रेडिओ चालू होता, दिग्रसचा राउटरही चालू होता. मग यवतमाळला `show ip route 10.20.10.1` दिलं. उत्तरात 10.20.8.0/22 आला, आणि तोही दारव्ह्याकडे बोट दाखवत. दारव्ह्याच्या रूट टेबलमध्ये ही ओळ होती:

```
O  10.20.8.0/22 is a summary, 00:21:40, Null0
```

दिग्रसचा /24 दारव्ह्याच्या टेबलमधून गेला होता. उरला होता फक्त Null0 कडे जाणारा समरी रूट, म्हणजे पॅकेट टाकून देण्याची जागा. ही ओळ राउटर स्वतःहून घालतो आणि तिला काढायचं नसतं. ती नसती तर दारव्ह्याने तेच पॅकेट डिफॉल्ट रूटने यवतमाळला परत पाठवलं असतं, यवतमाळने पुन्हा दारव्ह्याला, आणि टीटीएल, म्हणजे पॅकेटला ठरवून दिलेल्या टप्प्यांची मोजणी, संपेपर्यंत त्याच्या येरझारा चालल्या असत्या. Null0 ने निदान लाइन तरी मोकळी ठेवली.

झालं होतं ते असं. फायबर तुटल्यावर एरिया 1 चे दोन तुकडे पडले. एका तुकड्यात दारव्हा, बोरी अरब, मानोरा. दुसऱ्यात पुसद आणि दिग्रस. दोन्ही तुकडे यवतमाळला एकच /22 सांगत होते. दारव्ह्याची लाइन जास्त क्षमतेची, म्हणून ओएसपीएफच्या हिशेबात त्या रस्त्याची किंमत, म्हणजे कॉस्ट, कमी; त्यामुळे यवतमाळ सगळं तिकडेच ढकलत होतं. दिग्रसचं पॅकेट पुसदमार्गे सर्व्हरपर्यंत नीट पोचायचं; सर्व्हरचं उत्तर दारव्ह्याला जाऊन मरायचं. दोन्ही लाइनची कॉस्ट सारखी असती तर काही कनेक्शन चालली असती, काही नाही, आणि शोधायला दिवस गेला असता.

एक शाखा तुटली आणि तिला दुसरा रस्ताच नसेल, तर पॅकेट असं गुपचूप गिळणाऱ्या ब्लॅक होलने फारसं बिघडत नाही. पॅकेट यवतमाळला मेलं काय किंवा दारव्ह्याला मेलं काय, पोचणार तर नव्हतंच. मानोऱ्याच्या बाबतीत म्हणूनच कधी कुणाची तक्रार आली नाही. दुसरा रस्ता चालू असताना समरी त्याला झाकून टाकते, तिथे खरं नुकसान होतं. म्हणून समरी लिहिण्याआधी मी आता प्रत्येक सबनेटपुढे एकच प्रश्न मांडते: याला या राउटरला वगळून जाणारी वाट आहे का?

त्या दुपारी मी पुसदवरची `area 1 range` ओळ काढली. पुसदने लगेच 10.20.10.0/24 वेगळा जाहीर केला. जास्त नेमका रूट नेहमी जिंकतो, त्यामुळे यवतमाळने दिग्रससाठी पुसद धरलं आणि मिनिटभरात स्क्रीन उघडली.

दुसऱ्या दिवशी फायबर जोडलं गेलं आणि नवीनच दुखणं सुरू झालं. बोरी अरब आणि मानोऱ्याहून हळू चालत असल्याचे फोन येऊ लागले. एरिया पुन्हा एकसंध झाला होता, त्यामुळे पुसदला दिग्रसमार्गे चारही सबनेट दिसत होते आणि ते चारही /24 तो वेगवेगळे जाहीर करत होता. दारव्ह्याच्या /22 पेक्षा ते नेमके, म्हणून चारही शाखांचा यवतमाळहून येणारा सगळा ट्रॅफिक पुसदच्या अरुंद लाइनवर चढला. आदल्या दिवशीचा इलाज दुसऱ्या दिवशी आजार झाला.

कायमचा उपाय म्हणजे एरिया 1 चे तुकडेच पडू न देणं. दारव्हा आणि पुसद यांना एरिया 1 च्या आतून जोडणारी थेट लाइन हवी होती. तेवढे पैसे नव्हते, म्हणून असलेल्याच लाइनवरून दोघांमध्ये जीआरई टनेल, म्हणजे एका पॅकेटच्या पोटात दुसरं पॅकेट नेणारी आभासी लाइन, बांधला. दारव्ह्याकडची बाजू अशी:

```
interface Tunnel1
 ip address 10.255.1.1 255.255.255.252
 tunnel source Loopback0
 tunnel destination 10.255.0.2
 ip ospf 1 area 1
 ip ospf cost 5000
```

टनेलची दोन टोकं असलेले दोन्ही लूपबॅक एरिया 0 मध्ये आणि /22 च्या बाहेर ठेवले, नाहीतर टनेल स्वतःच्याच पोटातून रस्ता शोधू लागतो. कॉस्ट मोठी दिली, म्हणजे एरवी तिकडून कुणी जाणार नाही. मग पुसदवर `range` परत लावलं.

शनिवारी रात्री शाखा बंद झाल्यावर दारव्ह्यावरचा दिग्रसचा इंटरफेस मी मुद्दाम बंद केला. दारव्ह्याच्या टेबलमध्ये 10.20.10.0/24 आता Tunnel1 कडे दिसत होता. पॅकेट यवतमाळहून दारव्ह्याला, तिथून टनेलने परत यवतमाळवरून पुसदला आणि मग रेडिओने दिग्रसला जात होतं. वळसा मोठा, वेळही थोडा जास्त, पण पिंग एकही चुकला नाही. इंटरफेस पुन्हा सुरू केला, रूट फायबरवर परतल्याचं पाहिलं आणि यवतमाळला निघाले.