हातातल्या कामाचं काय करू?

गोदामात शिफ्ट लीडर होऊन मला दोनच आठवडे झाले होते. मॅनेजरचा फोन आला, की उद्याची गाडी आजच येतेय, तिच्या ऑर्डरचा माल आधी काढा. मी मजल्यावर जाऊन ओरडलो, "सगळं सोडा, गाडीचं घ्या!" एकाने अर्धी भरलेली ट्रॉली रिकामी करून माल परत रॅकवर ठेवला. दुसऱ्याने त्याची ट्रॉली रॅकांच्या मधल्या वाटेतच सोडली. तिसऱ्याला वाटलं, हातातली ऑर्डर संपवूनच जायचं असेल. गाडी कशीबशी भरली. पण वाटेतल्या ट्रॉलीतला माल कुणाचा हे पुढच्या शिफ्टला कळेना, त्यांनी तीच ऑर्डर नव्याने काढली आणि ग्राहकाकडे दुप्पट माल गेला.

चूक माझीच होती. नवीन काय करायचं ते मी सांगितलं, जुन्याचं काय करायचं ते नाही. कामगाराच्या मनात मात्र पहिला प्रश्न तोच असतो.

आता फोन ठेवण्याआधीच मी मॅनेजरना तीन गोष्टी विचारतो: कधीपर्यंत हवं, त्यासाठी काय मागे पडलं तर चालेल आणि काय अजिबात मागे पडायचं नाही. दुसऱ्या प्रश्नाला "सगळंच वेळेत हवं" असं उत्तर आलं, तर मी माणसांचा हिशोब समोर मांडतो. काय मागे ठेवायचं हे त्यांनीच ठरवायचं. ते मी परस्पर ठरवलं, तर उद्या ग्राहकाला काय सांगायचं हे त्यांना माहीतच नसतं.

नंतर एकदा असंच झालं. दुपारच्या शिफ्टमध्ये 5:40 ला निरोप आला, गाडी 7:30 ला. ऑर्डरमध्ये 90 लाईन, म्हणजे यादीतल्या 90 ओळी. आमच्याकडे एक माणूस तासाला साधारण 30 लाईन काढतो, म्हणजे तिघांना एक तास. पॅकिंग आणि गाडी भरायला 40 मिनिटं. हातात 110 मिनिटं होती. म्हणजे तिघं पुरे, सहाही जणांना हलवायची गरज नव्हती. हा हिशोब दोन मिनिटांचा आहे, तो केला नाही की सगळा मजला विनाकारण ढवळला जातो.

मग एकेकाकडे गेलो. रॅकवर माल भरणाऱ्याला सांगितलं, "दादा, तुमचं काम चालू ठेवा, नवी ऑर्डर याच रॅकवरून निघणार आहे." त्याला थांबवलं असतं, तर अर्ध्या तासात काढायला मालच उरला नसता. आणखी एकाची ऑर्डर चारच लाईनींवर आली होती. ती संपव आणि मग ये, असं त्याला म्हटलं. दोघांच्या ट्रॉल्या बाजूला ठेवायच्या होत्या. त्यांना सांगितलं, "हातातली लाईन स्कॅन करून पूर्ण करा, पुढची घेऊ नका." थांबायची जागा नेमकी सांगावी लागते, कारण "लगेच" म्हणजे कुणाला हातातला बॉक्स वाटतो, कुणाला अख्खी ऑर्डर.

चालू ठेवणं, संपवणं आणि बाजूला ठेवणं, या तिन्हींत बाजूला ठेवणं सगळ्यात फसवं. ट्रॉलीवर चिठ्ठी लागते: ऑर्डर नंबर, कुठल्या लाईनपर्यंत झालं, कोणी थांबवलं, किती वाजता आणि परत कधी, कोण घेणार. शेवटचा भाग नसेल तर ती ट्रॉली बाजूला ठेवलेली नसते, टाकून दिलेली असते. तिची जागाही ठरलेली हवी. आम्ही जमिनीवर पिवळी चौकट आखली आहे. कागदी यादी असेल तर ती ट्रॉलीलाच अडकवायची, खिशात न्यायची नाही.

सहावा माणूस एका रॅकची मोजणी करत होता. मोजणी अर्धवट बाजूला ठेवता येत नाही, कारण तेवढ्यात कुणी माल काढला की आधीचे आकडे खोटे ठरतात. ओळखायची खूण साधी आहे: परत येईन तेव्हा हे काम जसंच्या तसं असेल का? नसेल तर एक तर तेवढं पूर्ण करायचं, नाही तर सोडून द्यायचं. मी त्याला सोडायला सांगितलं आणि मोजणीचा कागद स्वतः फाडला. जुना कागद हातात राहिला की कोणी तरी त्यावरूनच पुढे जातं.

सांगून झाल्यावर "कळलं ना?" असं विचारू नका, हो म्हणतातच. "आता तुम्ही आधी काय करणार?" असं विचारा. त्या दिवशी एक जण म्हणाला, "ट्रॉली रिकामी करतो." तिथेच सापडलं. पाचवा जण चहाला गेला होता, त्याचं नाव फळ्यावर निरोपाखाली लिहून ठेवलं आणि तो परतल्यावर खोडलं.

पंधरा मिनिटांनी फेरी मारली. चौकटीत दोन ट्रॉल्या, दोन्हींवर चिठ्ठ्या. पण गाडीची ऑर्डर सोडून स्कॅनरवर उघडी कामं तीन दिसत होती. चार लाईनवाल्याने संपवल्यावर सवयीने पुढची ऑर्डर उघडली होती. एकच लाईन झाली होती, म्हणून माल परत ठेवून ती बंद करायला लावली. गाडी 7:25 ला भरून झाली, आणि 7:40 ला मी फळ्यावर लिहिलं, "गाडी संपली, चौकटीतल्या ट्रॉल्या घ्या."